व्हॅल्युअर यायचाय!

मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमावर आपण सुधारक लोकांनी इतकी वर्षे टीका केली, पोहे आणि पदर यांची यथेच्छ थट्टा केली. पण तोच कार्यक्रम आता आपण घराच्या बाबतीत बिनदिक्कत करतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. विकायच्या फ्लॅटवर गिऱ्हाइकाची बँक कर्ज देणार असली, की बँकेचा व्हॅल्युअर घर पाहायला येतो. तो येणार म्हटले की घरातली माणसे भिंतींना पावडर लावायला धावतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की हा शुद्ध मूर्खपणा आहे. हे मत मी फार अधिकाराने मांडतो आहे, कारण मी स्वतः तो रोख अडतीस हजार रुपये खर्चून केलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला हे आधी कळू नये? आमची हीसुद्धा तेच म्हणाली. अजूनही म्हणते. पण वाचकहो, बँकेत काम करणे आणि बँक कळणे यांत फार अंतर आहे. मी दुसऱ्या वर्गात बी. कॉम. झालो आणि गेली वीस वर्षे काउंटरच्या अलीकडे बसून लोकांना ‘उद्या या’ म्हणतो आहे. कर्जाचे टेबल वरच्या मजल्यावर. त्या मजल्यावर मी फक्त कोणाच्या तरी निवृत्तीचा बटाटेवडा खायला जातो.

तर त्याचे असे झाले. नाशकात इंदिरानगरला आमचा फ्लॅट. तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. आईच्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर तळमजल्यावरचे घर पाहणे भाग पडले. ते पाहिले, ठरवले, बयाणाही देऊन बसलो. बाकीची रक्कम महिनाअखेर द्यायची, नाहीतर बयाणा बुडाला. ती रक्कम येणार होती आमचा फ्लॅट विकून. गिऱ्हाईक भले मिळाले. नवराबायको दोघेही शिक्षक, घर पाहताना चपला जिन्यात काढणारी माणसे. सौदा ठरला साठ लाखांना. बारा लाख त्यांनी कसेबसे जमवलेले आणि अठ्ठेचाळीस लाख त्यांची बँक देणार. पगार पाहून बँकेने तोंडी होकारही दिलेला. आता राहिले होते फक्त व्हॅल्युएशन.

‘फक्त’ हा शब्द मास्तरांचा. सोमवारी त्यांचा फोन आला, “साहेब, शुक्रवारी आमच्या बँकेचे व्हॅल्युअर येतील. फक्त घर पाहून जातील.” फोन ठेवला आणि घरात युद्धाची घोषणा झाली.

सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. पहिला सल्ला वरच्या मजल्यावरच्या नानांचा. “अहो, रंग काढा! माणूस दारात उभा राहिला की घर हसलं पाहिजे. आणि ते न्हाणीघराबाहेर छतावर डाग पडलेत ना, ते आधी पुट्टी मारून बुजवा.” आमच्या छतावरच्या डागांची नानांना एवढी काळजी का, हे मला तेव्हा कळले नाही. दुसरा सल्ला मेव्हण्याचा. त्याच्या मते घरातले निम्मे सामान त्याच्याकडे हलवावे म्हणजे खोल्या मोठ्या दिसतात. त्याप्रमाणे आमचा नवा मिक्सर आणि दोन खुर्च्या त्याच्याकडे गेल्या. त्या अजून तिथेच आहेत, तेव्हा त्याचे घर आता लहान दिसत असणार. तिसरा सल्ला एजंटाचा. “साहेब, खायला-प्यायला मजबूत ठेवा. झणझणीत मिसळ, वर द्राक्षं. आणि बोलता बोलता सिंहस्थाचा विषय काढा. सिंहस्थ म्हटलं की नाशकात भाव आपोआप चढतो.” जणू काही सगळे आखाडे टू बीएचके शोधतच नाशकात उतरतात.

मंगळवार-बुधवारी रंग झाला. गुरुवारी नवे पडदे लागले. माझ्या पँटी कपाटात आणि कपाट कुलपात गेले. घरातली कागदपत्रे हिने एका पिशवीत भरून माळ्यावर टाकली, कारण ‘टेबलावर पसारा दिसतो.’ ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा.

शुक्रवारी अकराला व्हॅल्युअर आले. मला वाटले होते सफारीतला, चष्मा कपाळावर ठेवणारा कोणी भारदस्त गृहस्थ येईल. प्रत्यक्षात आला पंचविशी-तिशीचा एक सिव्हिल इंजिनिअर. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात काडेपेटीएवढे यंत्र. त्याने आत येण्याआधी दाराबाहेर उभे राहून दारावरच्या पाटीचा फोटो काढला. मग खाली जाऊन इमारतीचा काढला, रस्त्याचा काढला आणि वर येऊन म्हणाला, “दारावर आठ नंबर आहे. मला दिलेल्या दस्तात सदनिका नऊ आहे. नऊ कुठली?”

“हीच,” मी म्हणालो.

“मग आठ कुठली?”

“तीसुद्धा... म्हणजे शेजारची. तिच्यावर सात आहे.”

हा घोळ इमारतीइतकाच जुना. बिल्डरने तळमजल्यावरची एक सदनिका स्वतःच्या ऑफिसला ठेवली होती, तिला पाटी लावली नाही, म्हणून सगळ्या पाट्या एकाने मागे राहिल्या. घरपट्टी नऊवर येते, वीजबिल आठवर येते आणि पोस्टमन दोन्हीकडे येतो. आम्हाला त्यात कधी अडचण वाटली नव्हती. पण व्हॅल्युअरचे पहिले काम घराची किंमत करण्याचे नसते. ज्या घरावर बँक पैसे देणार ते हेच घर, हे ठरवणे हे त्याचे पहिले काम असते. उद्या कर्ज बुडाले आणि बँक जप्तीला आली, तर तिने शेजाऱ्याच्या दारावर नोटीस चिकटवू नये एवढाच त्यामागचा हेतू. म्हणून तो दस्तातली चतुःसीमा काढून बसला. पूर्वेला जिना, पश्चिमेला रस्ता, उत्तरेला सदनिका आठ, दक्षिणेला सामासिक जागा. प्रत्येक दिशेला जाऊन त्याने खात्री केली. सीमा जुळल्या तेव्हा कुठे तो म्हणाला, “घर हेच. पण अपार्टमेंटच्या अध्यक्षांचं एक पत्र लागेल, की दारावरचा आठ म्हणजेच दस्तातला नऊ.”

मग त्याने मंजूर नकाशा मागितला. तो पिशवीत होता. पिशवी माळ्यावर होती. माळ्याखाली नवा पडदा आणि पडद्यासमोर मेव्हण्याने सरकवलेला सोफा होता. नव्या रंगाला माझ्या पायाचे चार ठसे उमटवून मी पिशवी काढली. नकाशा 1994 चा, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला 1996 चा. दाखला पाहून मात्र त्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. आमच्या पडद्यांना जे जमले नाही ते त्या पिवळ्या पडलेल्या कागदाने केले. त्याचे गणित साधे होते. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीचे आयुष्य साधारण साठ वर्षे धरतात. आमची तिशीच्या आसपास आली. मास्तरांचे कर्ज वीस वर्षांचे. म्हणजे कर्ज फिटल्यावरही इमारत उभी असेल. हे जमले नाही तर बँक कर्जाची मुदत कमी करते, मुदत कमी झाली की हप्ता वाढतो आणि हप्ता वाढला की पगारात बसत नाही. एका दाखल्यावर एवढे सगळे अवलंबून असते आणि तो आम्ही माळ्यावर टाकला होता.

आता मापे. ते काडेपेटीएवढे यंत्र भिंतीला टेकवायचे, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडला की अंतर हजर. मेव्हण्याने सामान हलवून खोल्या ‘मोठ्या’ केल्या होत्या, पण त्या ठिपक्याला कोणी सांगितले नव्हते. हॉल होता तेवढाच भरला. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांच्यातली भिंत आम्ही काढली आहे, तिच्यापाशी तो थांबला. वर तुळई पाहिली, कोपऱ्यातला खांब ठोकून पाहिला. “नुसती पार्टिशनची भिंत होती ना? खांबाला-तुळईला हात नाही लावला?” नाही म्हटल्यावर त्याने लिहून घेतले.

मग तो न्हाणीघराबाहेर आला. छताकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले.

“रंग केव्हा दिला?”

“परवाच!” मी अभिमानाने म्हणालो.

त्याने स्टूल मागितले, वर चढून बोटाने दाबले, तर पुट्टीचा पापुद्रा फुगून आलेला. ओलीवर पुट्टी मारली की ती आठवडाही धरत नाही. त्याने नखाने तो उचकटला. खाली तो जुना तपकिरी डाग नव्या जोमाने बसलेला होता. त्यानंतर त्या माणसाने घरातल्या प्रत्येक भिंतीला हात लावून पाहिला, अगदी झोपायच्या खोलीतल्या, जिथे कधी ओल नव्हती त्यासुद्धा. ताज्या रंगाचा हाच तोटा. डाग उघडा असता तर एका डागाची नोंद झाली असती. रंग दिल्यामुळे सगळे घर संशयित झाले.

हिने मिसळीचा विषय काढला. त्याने नम्रपणे फक्त पाणी मागितले. मी सिंहस्थाचा विषय काढला. तो म्हणाला, “हो का?” आणि शेवटच्या खोलीत गेला.

ही शेवटची खोली म्हणजे आमच्या घराचा मानबिंदू. मूळची ती हॉलला लागून असलेली उघडी गच्ची. लेक नववीत गेली तेव्हा तिला अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून आम्ही गच्चीवर पत्रे घातले, सरकत्या काचा बसवल्या, आतून फॉल्स सीलिंग केले. दीड लाख रुपये लागले होते. तिथेच तिची दहावी-बारावी झाली. सौदा ठरवताना मी मास्तरांना सांगितले होते, “नऊशे पंचवीस चौरस फूट. सगळं वापरात.” साडेसहा हजाराने त्याचे साठ लाखांवर थोडे होतात, ते मी मोठ्या मनाने सोडले होते.

व्हॅल्युअरने काचेबाहेर वाकून खालचा विटांचा कठडा पाहिला, नकाशा पाहिला आणि विचारले, “ही बंद करायची परवानगी?”

“परवानगी कसली? सगळ्यांनीच केलीय,” मी म्हणालो. आपल्या देशात हे वाक्य कायद्यासारखे वापरले जाते. त्याने ते लिहून घेतले नाही.

मंगळवारी मास्तरांचा फोन आला. आवाज पडलेला. व्हॅल्युएशन आले होते चोपन्न लाख ब्याण्णव हजार.

मी आधी संतापलो, मग कागद घेऊन बसलो. पस्तावण्याआधी बेरीज करावी एवढे तरी कॉमर्सने शिकवले आहे. दस्तात बांधीव क्षेत्र 78.50 चौरस मीटर, म्हणजे 845 चौरस फूट. व्हॅल्युअरने दर साडेसहा हजारच धरला होता. आसपासच्या अलीकडच्या विक्री पाहून, चौकशी करून त्याला तोच योग्य वाटला होता. दरावर आमचे भांडणच नव्हते. 845 गुणिले साडेसहा हजार म्हणजे, वरचे पाचशे सोडले तर, बरोबर चोपन्न लाख ब्याण्णव हजार. गेले होते ते फक्त ऐंशी चौरस फूट. लेकीच्या खोलीची किंमत त्याने शून्य लिहिली होती.

आता हे शून्य मास्तरांना किती महाग पडले पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला ऐंशी टक्क्यांपर्यंत आणि त्यावर पंचाहत्तर. घराची किंमत म्हणजे करारात लिहिलेली की व्हॅल्युअरने काढलेली? दोहोंपैकी जी कमी असेल ती. साठ लाखांचे ऐंशी टक्के अठ्ठेचाळीस लाख, पण चोपन्न लाख ब्याण्णव हजारांचे ऐंशी टक्के त्रेचाळीस लाख चौऱ्याण्णव हजार. चार लाख सहा हजारांचे भगदाड. ते बुजवायचे खरेदीदाराने स्वतःच्या खिशातून. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्याच खिशातून, कारण दहा लाखांवरच्या घराला तो खर्च किमतीत धरत नाहीत. मास्तरांचे जमवलेले बारा लाख म्हणजे बायकोच्या पाटल्यांसकट बारा लाख होते. म्हणजे त्यांचे घर जाणार, माझे गिऱ्हाईक जाणार आणि महिनाअखेर माझा बयाणाही जाणार. आणि मी रंग कोणता द्यावा यावर तीन रात्री जागलो होतो!

इथे एजंट पुन्हा अवतरला. “साहेब, काळजी नको. व्हॅल्युएशन वाढवून घेऊ. त्या पोराशी बोलतो. एक पाकीट, दुसरा रिपोर्ट.”

माझा खरा वाद आहे तो इथे. घर रंगवणे, मिसळ देणे आणि पाकीट देणे या एकाच चुकीच्या समजुतीच्या तीन पायऱ्या आहेत. समजूत अशी, की व्हॅल्युअर आपल्या घराला मार्क द्यायला येतो आणि आपण त्याला खूश करायचे. पण तो विकणाऱ्यासाठी येतच नाही. खरे म्हणजे घेणाऱ्यासाठीही येत नाही, जरी फी त्याच्याकडून घेतली जात असली तरी. तो येतो बँकेसाठी, आणि बँकेचा प्रश्न एकच असतो. हा माणूस हप्ते भरायचा थांबला, तर हे घर विकून माझे पैसे निघतील का? म्हणून त्याच्या अहवालात एक सोडून तीन किमती असतात. पहिली बाजारातली. दुसरी, विकायला काढले तर पदरात पडेल ती, साधारण दहा टक्क्यांनी कमी. तिसरी घाईच्या विक्रीची, आणखी दहाएक टक्क्यांनी खाली. आपण घर दाखवतो दिवाळीतले, बँक पाहते जप्तीतले. जप्तीत पडदे नसतात आणि मिसळही नसते. उरतात मोजलेल्या भिंती आणि शिक्क्याचे कागद. गच्चीवरची विनापरवाना खोली महापालिकेने पाडायला सांगितली तर तीही उरत नाही. म्हणून तिची किंमत शून्य. ही त्याची दुष्टाई नव्हे. उलट फरक मोठा दिसला की काही बँका कर्जच नाकारतात, तेवढे आमचे झाले नाही हे नशीब.

आणि पाकिटाने आकडा फुगवला असता तर काय झाले असते? नोटा छापण्याचा कारखाना 1928 पासून आमच्याच नाशिकरोडला आहे, पण नुसत्या इच्छेने तिथेही एक नोट जास्त छापत नाहीत. मास्तरांनी चार लाखांचे जास्त कर्ज काढले असते, तेही नसलेल्या ऐंशी चौरस फुटांवर, आणि वीस वर्षे त्याचे व्याज भरले असते. माझ्या काउंटरवर मी अशी माणसे पाहतो. हप्त्याच्या दोन दिवस आधी शिल्लक विचारायला येतात आणि काचेपलीकडून माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी राहतात. आणखी एक मास्तर त्या रांगेत उभा करायचा माझा धीर झाला नाही. एजंटाला मी ‘उद्या या’ म्हणालो. ते मला चांगले जमते.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. व्हॅल्युअरला सरळ फोन लावला, आकडा वाढवा असे न म्हणता विचारले, “तुम्ही काय पाहिलंत आणि काय पाहायला मिळालं नाही?” पोरगा सज्जन. म्हणाला, “काका, तुमच्या दस्तात लगतची खुली गच्ची 7.43 चौरस मीटर स्वतंत्र लिहिलीय. ती गच्ची म्हणून उघडी असती तर मी ती चाळीस टक्के दराने धरली असती. पण तिथे गच्चीच नाही. विनापरवाना खोली आहे. ती मला धरता येत नाही.”

म्हणजे गच्ची उघडी होती तोवर तिला किंमत होती. दीड लाख खर्चून मी ती शून्यावर आणली होती. धंद्यात याला काय म्हणतात ते बी. कॉम.ला शिकवले नव्हते.

रविवारी काचा निघाल्या, पत्रे निघाले. लेक पुण्याहून आली होती. ती काही बोलली नाही, फक्त भिंतीवर पेन्सिलने लिहिलेल्या आवर्तसारणीचा फोटो काढून ठेवला. कारागीर उतरवण्याचे आठ हजार घेऊन गेला आणि काचा भंगाराच्या भावात घेऊन गेला.

मग मी नानांकडे वर गेलो. प्लंबर बरोबर होता. नानांच्या न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीत पाणी जायची ती जाळीखालची वाटी, तिचा सांधा सुटला होता आणि तिथून पाणी आमच्या छतात उतरत होते. नानांना ते ठाऊक होते. म्हणूनच पुट्टीचा सल्ला! फरशी उकरून सांधा नव्याने भरायला साडेसहा हजार लागले. नानांनी निम्मे दिले आणि वर, रंग आता पुन्हा द्यावा लागेल, असा सल्लाही दिला. मास्तरांना मी ओल, कारण आणि दुरुस्ती सगळे सांगितले. ते म्हणाले, “डाग आम्ही पहिल्याच दिवशी पाहिला होता. तुम्ही रंगवलंत तेव्हा जरा काळजी वाटली.” म्हणजे अडतीस हजारांत मी व्हॅल्युअरचा विश्वास घालवला आणि गिऱ्हाइकाचाही.

व्हॅल्युअर दुसऱ्यांदा आला. उघड्या गच्चीचा फोटो घेतला, अध्यक्षांचे पत्र घेतले. ऐंशी फुटांची चाळीस टक्क्यांनी किंमत दोन लाख आठ हजार. एकूण सत्तावन्न लाख. त्याचे ऐंशी टक्के पंचेचाळीस लाख साठ हजार. मी सौदा अठ्ठावन्न लाखांवर आणला, कारण नसलेली खोली मी मास्तरांना विकली होती हे आता कागदावर सिद्ध झाले होते. त्यांना स्वतःचे बारा लाख चाळीस हजार घालायचे झाले. वरचे चाळीस हजार त्यांनी पतपेढीतून काढले. महिनाअखेरीला दोन दिवस बाकी असताना माझा बयाणा वाचला.

तेव्हा वाचकहो, व्हॅल्युअर यायचा असेल तर रंगाऱ्याला बोलावू नका. माळ्यावर चढा. दस्त, सूची क्रमांक दोन, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टीची पावती आणि वीजबिल एकत्र ठेवा आणि सगळ्यांवरचा नंबर एकच आहे ना ते दारावरच्या पाटीशी ताडून पाहा. हातात टेप घेऊन नकाशा आणि घर यांची स्वतःच गाठ घालून द्या, म्हणजे ती व्हॅल्युअरसमोर पहिल्यांदा पडणार नाही. गळत असेल तर गळती बंद करा, डाग राहू द्या. दुरुस्तीची पावती दाखवली तर डागाचे कोणी काही म्हणत नाही. सगळ्या खोल्यांची कुलपे काढा आणि त्याला एक तांब्याभर पाणी द्या. एवढी तयारी एका संध्याकाळी होते आणि तिला अडतीस हजार लागत नाहीत.

नव्या घरी आम्ही आता स्थिरस्थावर झालो आहोत. तळमजला आहे, समोर छोटेसे अंगण आहे. परवाच ही म्हणाली, “अहो, या अंगणावर वरून पत्रे घातले तर मस्त खोली होईल, नाही?”

मी पिशवीतून नकाशा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. नवी पिशवी मी माळ्यावर टाकलेली नाही. ती टेबलावरच असते. पसारा दिसतो, पण दिसू दे.